पीईजी २.४ असलेला शेअर घ्यावा का?

«मी मुलुंडला राहते, वय ५१, एका शाळेत क्लार्क आहे. एलआयसीची पॉलिसी मॅच्युअर होऊन चार लाख रुपये हातात आलेत. पीपीएफ आणि एफडी पुरेशी आहे, ही रक्कम दहा वर्षं तरी लागणार नाही, म्हणून शेअर्समध्ये घालायचा विचार आहे. दोन कंपन्या पाहिल्यात, वार्षिक अहवालातून काढलेला तक्ता सोबत जोडते. पहिली कंपनी म्हणजे स्वयंपाकघरातली भांडी आणि उपकरणं विकणारी दुकानांची साखळी. भाव १,२०० रुपये, एका शेअरमागचा वर्षाचा नफा म्हणजे ईपीएस २० रुपये, भावाला त्याने भागून येणारा पीई ६०, नफ्याची वाढ २५ टक्के, म्हणजे पीईला वाढीने भागून येणारा पीईजी २.४. दुसरी शाळेच्या गणवेशाचं कापड बनवते. भाव ४४० रुपये, ईपीएस २०, पीई २२, वाढ ४१ टक्के, पीईजी ०.५४. आमचे भाऊजी म्हणतात, पीईजी एकच्या वर गेला की बघायचंसुद्धा नाही, डोळे मिटून दुसरी घ्या. मला मात्र पहिली आवडते, तिच्या दुकानात मी स्वतः जाते. एवढा महाग शेअर घेणं कधी बरोबर असतं का?»
– एक वाचक, मुलुंड

ताई, कधी कधी बरोबर असतं. पण तुमच्या भांडीवाल्या कंपनीसाठी १,२०० हा भाव मला जास्त वाटतो. साधारण ८०० ला मिळाली असती, तर पीईजी एकच्या बराच वर असूनही मी ‘घ्या’ म्हटलं असतं. आणि ती कापडवाली, जी ०.५४ मुळे मातीमोल वाटते आहे, ती मुळीच स्वस्त नाही. तुम्ही तक्ता इतका नीट पाठवलात की या तिन्ही गोष्टी त्यातल्याच आकड्यांवरून दाखवता येतात. कंपन्यांची नावं तेवढी गाळली आहेत. शेअरची शिफारस करणं हे सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराचं काम आहे. इथे आपण फक्त हिशेब करू.

कापडवालीपासून सुरुवात करते, कारण भाऊजींचा सगळा भरवसा तिच्यावर आहे.

पीईजी काढताना पीईला वाढीच्या टक्क्यांनी भागतात. पीई हा आकडा पक्का असतो, आजचा भाव भागिले ईपीएस. घोळ असतो तो खालच्या आकड्यात. वाढ कुठल्या वर्षापासून मोजली, हे ॲपवर सहसा ठळक दिसत नाही. कुणी मागची तीन वर्षं घेतं, कुणी पाच, कुणी पुढच्या दोन वर्षांचा विश्लेषकांचा अंदाज घेतं. तुमचे ४१ टक्के कुठून आले ते पाहा. २०२०-२१ मध्ये या कंपनीचं ईपीएस होतं ५ रुपये, २०२४-२५ मध्ये झालं २० रुपये. चार वर्षांत चौपट, म्हणजे वर्षाला सरासरी ४१ टक्के. गणित अगदी बरोबर आहे. पण २०२०-२१ हे वर्ष कसलं होतं? शाळा बंद होत्या, मुलं घरी मोबाइलसमोर बसून शिकत होती, गणवेश शिवायचा प्रश्नच नव्हता. तुम्ही स्वतः शाळेत आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्याच तक्त्यात त्याच्या आधीच्या वर्षाचं, २०१९-२० चं ईपीएस १२ रुपये दिलंय. १२ वरून २० व्हायला पाच वर्षं लागली. ही वाढ वर्षाला पावणेअकरा टक्के होते. २२ ला पावणेअकराने भागा, पीईजी येतो २.०५.

म्हणजे एकच कंपनी, एकच भाव, एकच पीई. सुरुवातीचं वर्ष एका घराने मागे सरकवलं आणि पीईजी ०.५४ चा २.०५ झाला. पडझडीच्या वर्षापासून मोजलेली वाढ ही खरं तर झालेलं नुकसान भरून निघाल्याची नोंद असते. नुकसान एकदा भरून निघालं की तो वेग संपतो. गणवेश घेणारी मुलं दरवर्षी ४१ टक्क्यांनी वाढणार नाहीत, हे सांगायला विश्लेषक लागत नाही. साखर, पोलाद, सिमेंट, रसायनं अशा चढउताराच्या धंद्यांत तर हा फसवा पीईजी दर काही वर्षांनी दिसतो. मंदीतून वर येताना वाढ प्रचंड दिसते, नफा शिखरावर असतो म्हणून पीईही कमी दिसतो. पीईजी सगळ्यात आकर्षक दिसायला आणि तेजी संपायला एकच गाठ पडते. म्हणून कुठलाही पीईजी पाहिला की आधी ईपीएसचे सात-आठ वर्षांचे आकडे एका ओळीत लिहून काढा. मध्ये कुठे खड्डा असेल तर खड्ड्याच्या आधीच्या वर्षापासून मोजा.

आता भाऊजींचा नियम. तो त्यांनी मनाने काढलेला नाही. पीटर लिंच या अमेरिकी फंड मॅनेजरने १९७७ ते १९९० या काळात मॅगेलन फंड सांभाळला, आणि पीई वाढीच्या टक्क्यांएवढा असेल तर भाव रास्त, हे त्यांचं सांगणं जगभर पसरलं. ते वाढीच्या टक्क्यांत लाभांशाचा टक्काही मिळवायचे, हे मात्र वाटेत गळून गेलं. आणि ते वाढ म्हणायचे ती दीर्घ मुदतीची, टिकणारी वाढ. पहिल्या चाळणीसाठी नियम छान आहे. शंभर कंपन्यांतून दहा वेगळ्या काढायला तो वापरावा. पण शेवटचा निर्णय त्यावर सोडता येत नाही, कारण दोन गोष्टी त्याला दिसतच नाहीत: ही वाढ किती वर्षं चालणार, आणि ती कुणाच्या पैशाने होणार.

पहिली गोष्ट तुमच्या भांडीवालीवर लावून पाहू. समजा बाजारात अशा दोन कंपन्या आहेत, दोघींचा पीई ६०, दोघी २५ टक्क्यांनी वाढतायत. एकीची वाढ तीन वर्षांत संपणार आहे, दुसरीची दहा वर्षं चालणार आहे. पीईजी दोघींचा २.४. पण घेणाऱ्याच्या हातात येणारे पैसे किती वेगळे असतील ते बघा.

त्यासाठी एक गोष्ट मनाशी धरावी लागते. वाढ मंदावली की पीई ६० राहत नाही. निफ्टीचा पीई गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक काळ १५ ते २५ च्या आसपास फिरला आहे. चांगली चालणारी पण आता संथ झालेली कंपनी आहे असं धरून मी तिला शेवटी २५ पीई देते, म्हणजे थोडं झुकतं मापच.

वाढ दहा वर्षं २५ टक्क्यांनी चालली, तर ईपीएस २० वरून १८६ वर जाईल, सव्वानऊ पट. त्याला २५ ने गुणलं की भाव साधारण ४,६५० रुपये. १,२०० ला घेतलेला शेअर दहा वर्षांत पावणेचार पटीहून थोडा जास्त, वर्षाला साडेचौदा टक्के. चार लाखांचे साडेपंधरा लाख. उत्तम.

वाढ पाच वर्षं २५ टक्क्यांनी चालली आणि पुढची पाच वर्षं १२ टक्क्यांनी, तर दहाव्या वर्षी ईपीएस साधारण १०८ आणि भाव २,७०० च्या जरा खाली. परतावा वर्षाला सव्वाआठ-साडेआठ टक्के. चार लाखांचे नऊ लाखांच्या आसपास. एफडीपेक्षा जरा बरं, पण शेअरची धाकधूक दहा वर्षं सोसून मिळालेलं.

आणि वाढ तीनच वर्षं चालली आणि बाजाराला ते कळलं, तर? तीन वर्षांत ईपीएस २० चं ३९ होईल, म्हणजे नफा जवळपास दुप्पट. कंपनीने काहीही चुकीचं केलेलं नसेल. पण ३९ गुणिले २५ म्हणजे ९७५ रुपये. नफा दुप्पट होऊनही तुमचा शेअर तोट्यात. चार लाखांचे सव्वातीन लाख. ‘कंपनी तर छान चाललीये, मग भाव का पडतोय?’ असं विचारणारी पत्रं मला नेहमी येतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं कारण हेच असतं.

हे कागदावरचंच भय आहे असं वाटू नये म्हणून आपल्याकडचं एक उदाहरण सांगते. मार्च २००० च्या सुमारास इन्फोसिसचा पीई दोनशेच्या वर होता. त्या वर्षी कंपनीचा नफा आधीच्या वर्षाच्या दुपटीहून जास्त झाला होता, त्यामुळे त्या एका वर्षाच्या वाढीने भागलं तर पीईजी दोन-अडीचच्या घरातच दिसत होता, काही भयंकर नाही. पुढे कंपनीने निराश केलं का? नाही. १९९९-२००० मध्ये साधारण २९० कोटी असलेला नफा २००५-०६ मध्ये २,४०० कोटींच्या वर गेला. सहा वर्षांत आठपट. तरीही मार्च २००० च्या शिखरावर घेणाऱ्याला, बोनस शेअर धरूनही, मुद्दल परत दिसायला २००६ उजाडलं. भारतातली इतकी उत्तम कंपनी, इतकी जबरदस्त वाढ, आणि सहा वर्षं परतावा शून्य. वाढीबद्दलचा अंदाज खरा ठरला होता. पण ती सगळी वाढ भावात आधीच वसूल झाली होती.

दुसरी गोष्ट, वाढ कुणाच्या पैशाने होते, ही माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे, आणि ती बघायची सवय फार कमी लोकांना असते.

तुमच्या तक्त्यात भांडीवालीची १२० दुकानं आहेत आणि निव्वळ नफा ३६ कोटी. म्हणजे मुख्य कार्यालयाचा खर्च आणि कर जाऊन दर दुकानामागे ३० लाख. नवं दुकान उभारायला फर्निचर, डिपॉझिट आणि माल मिळून साधारण एक कोटी लागतात, असं अहवालात म्हटलंय. एक कोटी घालून वर्षाला ३० लाख, हा ३० टक्के परतावा झाला, आणि किरकोळ विक्रीच्या धंद्यात तो फार चांगला आहे. आता २५ टक्के वाढ कशी होतेय ते उकला. जुन्या दुकानांची विक्री वर्षाला ८ टक्क्यांनी वाढतेय आणि दुकानांची संख्या १६ टक्क्यांनी. दोन्ही मिळून २५. दुकानं १६ टक्क्यांनी वाढवायची म्हणजे यंदा १९ नवी दुकानं, १९ कोटी रुपये. कंपनीने ३६ कोटी कमावलेत. त्यातून १९ कोटी खर्च करून १७ कोटी उरतात. जुन्या दुकानांची देखभाल करा, थोडा लाभांश द्या, थोडे राखून ठेवा. कुणाकडे हात पसरायला लागत नाही.

आता अशीच दुसरी साखळी कल्पा. तिचाही नफा ३६ कोटी, तिचीही वाढ २५ टक्के, पीई ६०, पीईजी २.४. फक्त तिला दुकानात घातलेल्या पैशावर ३० ऐवजी १२ टक्केच मिळतात. नव्या दुकानांतून तेवढीच वाढ, म्हणजे साधारण पावणेसहा कोटींचा जादा नफा हवा असेल, तर तिला ४८ कोटी घालावे लागतील. कमावले ३६. उरलेले १२ कोटी दरवर्षी कुठून तरी आणायचे: बँकेचं कर्ज किंवा नवे शेअर. नवे शेअर काढले की केक तोच, खाणारे वाढले. एकूण नफा २० टक्क्यांनी वाढला आणि शेअरची संख्या १० टक्क्यांनी वाढली, तर ईपीएस जेमतेम ९ टक्क्यांनी वाढतं. व्यवस्थापन भाषणात २० टक्के सांगणार, तुमच्या वाट्याला येणार ९. म्हणून पीईजीत कधीही एकूण नफ्याची वाढ घालू नका, ईपीएसची वाढच घाला. तुम्ही तक्त्यात ‘नफ्याची वाढ’ असं लिहिलंय. सुदैवाने भांडीवालीच्या शेअरची संख्या पाच वर्षांत बदललेली नाही, १ कोटी ८० लाखच आहे, म्हणून तुमचा आकडा चुकला नाही.

जास्त पीई देणं रास्त ठरतं ते अशाच कंपनीसाठी. ती घातलेल्या रुपयावर भरपूर कमावते, वाढीचा खर्च स्वतःच्या नफ्यातून काढते, आणि पुढे वाढायला तिला जागा शिल्लक आहे. अशा कंपनीच्या बाबतीत आणखी एक बारकावा असतो. नव्या दुकानाचं भाडं आणि पगार पहिल्या दिवसापासून सुरू होतात, पण दुकान स्थिरावून पूर्ण नफा द्यायला वर्ष-दीड वर्ष जातं. म्हणजे भराभर दुकानं काढणाऱ्या कंपनीचा आजचा नफा तिच्या खऱ्या ताकदीपेक्षा कमी दिसतो, आणि पीई आहे त्यापेक्षा फुगलेला दिसतो. ६० मधला काही भाग तसा आहे, हे कंपनीच्या बाजूने धरायला हवं.

तर मग १,२०० ला का नको? कारण जागेचा प्रश्न. दुकानं १६ टक्क्यांनी दहा वर्षं वाढली तर १२० ची सुमारे ५३० होतात. आज ती बहुतेक मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या पट्ट्यात आहेत, म्हणजे ज्या घरांत महागड्या कढईला आणि मिक्सरला चांगले पैसे मोजतात अशा वस्त्यांत. चारशे आणखी दुकानांसाठी कंपनीला इंदूर, हैदराबाद, बेंगळुरू, सुरत इथे जावं लागेल. तिथे आधीपासून तिथलीच दुकानं पाय रोवून आहेत. तिथे एक कोटीच्या दुकानातून ३० लाख निघतील का, याचं उत्तर आज कुणाकडेच नाही. अहवालात महाराष्ट्राबाहेरची दुकानं फक्त सात आहेत आणि त्यांचा वेगळा नफा दिलेला नाही. साडेचौदा टक्क्यांचं ते सुंदर चित्र खरं व्हायला सगळं दहा वर्षं सुरळीत चालावं लागेल. मी मधलं चित्र धरते, पाच वर्षं २५ आणि पाच वर्षं १२.

त्या मधल्या चित्रात दहा वर्षांनी भाव साधारण २,७०० येतो, हे आपण पाहिलंच. शेअरची जोखीम घेतल्याबद्दल मला वर्षाला १३ टक्के तरी हवेत असं ठरवलं, तर दहा वर्षांत पैसे ३.४ पट व्हायला हवेत. २,७०० ला ३.४ ने भागा, उत्तर येतं ७९०-८०० रुपये. म्हणजे पीई ४०. आणि त्या भावाला पीईजी येतो १.६. भाऊजींच्या नियमाने १.६ सुद्धा बाद. पण हा भाव रास्त आहे, कारण त्यात वाढ निम्म्यावर आली तरी तुम्हाला पुरेसा परतावा मिळतो, आणि ती पूर्ण चालली तर मिळणारा जास्तीचा फायदा सगळा तुमचा. १,२०० ला मात्र तो सगळा फायदा विकणाऱ्याने आधीच घेतलेला असतो.

हाच हिशेब कापडवालीला लावा. ईपीएस २०, वाढ पावणेअकरा टक्के, दहा वर्षांनी ईपीएस साडेपंचावन्न. अशा संथ धंद्याला शेवटी १८ पीई धरला तर भाव साधारण १,००० रुपये. ४४० चे १,००० म्हणजे वर्षाला साडेआठ टक्के. भांडीवालीच्या मधल्या चित्रात जे मिळत होतं जवळजवळ तेच! ती लाभांश जरा जास्त देते, म्हणून टक्का-दीड टक्का वर धरा. ०.५४ आणि २.४ यांत जमीन-अस्मानाचं अंतर वाटत होतं, आणि दहा वर्षांच्या हिशेबात दोघी जवळपास शेजारी येऊन बसल्या. हे भाऊजींना जरूर दाखवा. ते स्वतः आकडे बघणारे दिसतात, त्यांना पटेल.

हे सगळे परतावे कर भरण्याआधीचे आहेत. वर्षभराहून जास्त ठेवलेला शेअर विकल्यावर आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पासूनचा हा दर आहे.

मी तुमच्या जागी असते तर चार लाखांपैकी या एका कंपनीत साठ-सत्तर हजारांच्या वर घातले नसते. ८०० च्या आसपास भाव येईपर्यंत थांबले असते. छोट्या कंपन्यांचे भाव वर्ष-दोन वर्षांत तीस टक्क्यांनी खाली येणं मुळीच दुर्मीळ नाही. भाव आलाच नाही, तर नाही घेतला. किंवा दोन-तीन वर्षांत ईपीएस ३० च्या पुढे गेलं आणि भाव १,२०० च्या आसपासच राहिला, तर पीई आपोआप ४० वर आलेला असेल. तेव्हाही पुन्हा असाच हिशेब मांडून घेता येईल, मात्र पुढची वाढ किती उरली आहे ते तेव्हा नव्याने बघावं लागेल.

वाट बघताना कशाकडे लक्ष ठेवायचं ते सांगते. सगळ्यात आधी जुन्या दुकानांची वाढ. तिमाही निकालात कंपनी ती वेगळी सांगते, तुमच्या तक्त्यातले ८ टक्के तिथूनच आलेत. हा आकडा ४-५ टक्क्यांवर आला, तर महागाई वजा जाता गिऱ्हाईक वाढतच नाहीये असा त्याचा अर्थ, आणि मग २५ टक्के टिकवायला कंपनी आणखी वेगाने दुकानं काढेल. ते लक्षण वाईट. एकाच भागात दोन दुकानं निघतात आणि नवं दुकान जुन्याचंच गिऱ्हाईक ओढतं, तेव्हाही हे घडतं. तुम्ही मुलुंडच्या दुकानात जाताच, ठाण्यात गोखले रोडला त्यांचं नवं दुकान निघालंय असं तुम्हीच लिहिलंय. रविवारी संध्याकाळी सगळीकडेच गर्दी असते. एखाद्या मंगळवारी दुपारी दोन्हीकडे डोकावा आणि पूर्वी मुलुंडला दिसणारी गर्दी आता विभागली आहे का ते पाहा.

त्यानंतर वार्षिक अहवालातलं कॅश फ्लो स्टेटमेंट उघडा. धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड आणि छापलेला नफा, दोन्ही तीन वर्षांचे शेजारी लिहा. दुकानं वाढवणाऱ्या कंपनीत रोकड नफ्यापेक्षा थोडी कमी असणं समजू शकतं, कारण माल भरावा लागतो. पण विक्री २५ टक्क्यांनी वाढली आणि गोदामातला माल ५० टक्क्यांनी वाढला, तर न खपलेली भांडी मांडणीवर बसली आहेत. आज ना उद्या ती सवलतीत काढावी लागतील आणि नफा खाली येईल. ईपीएसमध्ये हे एक-दोन वर्षं उशिरा दिसतं, पीईजीत तर त्याहून उशिरा.

आणि एक करा, भांडीवालीचा एकच शेअर आत्ता घेऊन ठेवा. हजार-बाराशे रुपयांचा प्रश्न आहे, पण त्याने तुम्ही भागधारक होता. कंपन्यांच्या वार्षिक सभा हल्ली व्हिडिओवर होतात, बोलायचं असेल तर आधी काही दिवस ईमेल करून वक्ता म्हणून नाव नोंदवायचं असतं. तारीख आणि ईमेलचा पत्ता सभेच्या नोटिशीत असतो, ती नोटीस बीएसईच्या संकेतस्थळावरही मिळते. नाव नोंदवा आणि अध्यक्षांना सरळ विचारा: महाराष्ट्राबाहेरच्या सात दुकानांत प्रत्येकी किती पैसे घातले आणि ती दोन वर्षांनंतर दुकानामागे किती कमावतायत? उत्तर ३० लाखांच्या जवळपास आलं, तर माझ्या ८०० या आकड्यात पंधरा-वीस टक्के वाढ करायला माझी तयारी आहे. उत्तर टाळलं गेलं, तर पुढच्या अहवालापर्यंत थांबा आणि मला पुन्हा लिहा.